लांब रेकॉर्डिंग, हँग झालेला लॅपटॉप आणि फाइलचा फॉरमॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं ओबीएस स्टुडिओ धरून दिली आहेत, कारण घरगुती बैठका, व्याख्यानं, ऑनलाइन वर्ग आणि मुलाखती लॅपटॉपवर रेकॉर्ड करणारे बरेच जण तेच वापरतात. उदाहरण सगळीकडे एकच आहे: गाण्याची तीन तासांची बैठक, एक कॅमेरा, चित्राचा बिटरेट ६००० केबीपीएस आणि आवाजाचा १६०. या हिशोबाने सेकंदाला साधारण ०.७७ एमबी आणि तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास डेटा डिस्कवर जातो. दोन तास दहा मिनिटं झाल्यावर लॅपटॉप हँग होतो, असं समजू.

फाइल सहा जीबीची दिसते, म्हणजे डेटा आहे. तरी ती उघडत का नाही?

कारण ती एमपी४ आहे आणि अर्धवट राहिली आहे. दोन तास दहा मिनिटं म्हणजे ७८०० सेकंद. त्याला ०.७७ ने गुणलं की सहा जीबी येतात, म्हणजे गाणं डिस्कवर खरंच उतरलेलं आहे. नाही ती फक्त त्याची यादी.

साध्या एमपी४ फाइलचे दोन मोठे भाग असतात. `mdat` नावाच्या भागात चित्राच्या फ्रेम्स आणि आवाजाचे तुकडे एकामागोमाग ओतलेले असतात. `moov` नावाच्या भागात या ढिगाचा पत्ता असतो: कोणती फ्रेम कितव्या बाइटपासून सुरू होते, ती केवढी आहे, कोणत्या क्षणी दाखवायची, कुठून उडी मारता येईल आणि मुळात हे चित्र-आवाज आकसून भरणाऱ्या कोणत्या कोडेकने, कोणत्या सेटिंगने बनवलं आहे. रेकॉर्डिंग चालू असताना शेवटी किती फ्रेम्स होणार हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून ही यादी मेमरीत वाढत राहते आणि Stop Recording दाबल्यावर एकदाच फाइलच्या शेवटी लिहिली जाते. मशीन त्याआधी बंद पडलं तर मेमरीसोबत यादीही जाते.

लग्नात आहेराची पाकिटं नावं न घालता एका पिशवीत टाकत जावं, कोणी काय दिलं हे एका काकांनी लक्षात ठेवावं आणि कार्य उरकल्यावर वहीत उतरवावं, असा हा कारभार आहे. काका वही उघडण्याआधीच निघून गेले तर पैसे सगळे जागेवर असतात, पण कोणाचे ते सांगता येत नाही.

खात्री करायची असेल तर एफएफएमपेग या मोफत कमांड लाइन साधनासोबत येणाऱ्या `ffprobe` ने फाइल तपासा:

```
ffprobe baithak.mp4
```

`moov atom not found` असं उत्तर आलं, तर नेमकं हेच झालेलं आहे. व्हीएलसीने उघडून बघणं, एक्स्टेन्शन बदलून बघणं, दुसऱ्या फोनवर पाठवून बघणं याने काही होत नाही. त्यात वेळ घालवू नका.

मग एमकेव्हीमध्ये वेगळं काय असतं?

पाकिटावरच नाव असतं. एमकेव्ही, म्हणजे मत्रोस्का, फाइलच्या सुरुवातीलाच सांगून टाकतं की आत कोणते ट्रॅक आहेत, कोडेक कोणता आणि त्याची सेटिंग काय. त्यानंतर डेटा क्लस्टर नावाच्या छोट्या गठ्ठ्यांमध्ये येतो. प्रत्येक क्लस्टरवर स्वतःची वेळ असते आणि आतल्या प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या ट्रॅकचा, केवढा आणि कितव्या मिलिसेकंदाचा हे लिहिलेलं असतं. प्लेअर सुरुवातीपासून वाचत गेला की त्याला सगळं समजतं. फाइल मध्येच तुटली तर तुटण्याआधीच्या शेवटच्या पूर्ण गठ्ठ्यापर्यंत ती वाजते.

एमकेव्हीतही शेवटी एक यादी लिहिली जाते. तिला क्यूज म्हणतात आणि ती फक्त पटकन पुढेमागे उडी मारण्यासाठी असते. ती नसली तर उड्या मंदावतात, पण गाणं ऐकायला मिळतं. दोन फॉरमॅटमधला सगळा फरक इथे आहे. चित्राची प्रत, आवाजाची प्रत आणि फाइलचा आकार जवळपास तोच राहतो, कारण आतला एन्कोड केलेला डेटा एकच आहे आणि फक्त बांधणी बदलली आहे. ‘एमकेव्हीने क्वालिटी कमी होते का’ हा प्रश्न त्यामुळे उरतच नाही.

म्हणजे एमकेव्हीत काहीच जात नाही?

जातं, पण थोडं. ओबीएस एमकेव्ही लिहायला एफएफएमपेगची लायब्ररी वापरतं आणि ती क्लस्टर पूर्ण होईपर्यंत मेमरीत धरून ठेवते. सर्वसाधारण सेटिंगला एक क्लस्टर पाच सेकंदांपेक्षा लांब होत नाही. तेव्हा नुसता प्रोग्रॅम कोसळला तर साधारण शेवटच्या काही सेकंदांवर पाणी सोडायची तयारी ठेवावी.

अख्खं मशीन गोठलं किंवा वीज गेली तर आणखी एक थर मध्ये येतो. प्रोग्रॅमने ‘लिहिलं’ म्हटलं तरी ऑपरेटिंग सिस्टिम तो डेटा आधी स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. लिनक्समध्ये असा डेटा मूळ सेटिंगप्रमाणे तीस सेकंदांपर्यंत थांबू शकतो. विंडोजही असंच मागाहून लिहितं. त्यामुळे अचानक वीज गेल्यावर शेवटचं अर्धा मिनिट गेलं तर फॉरमॅटला दोष देऊ नये. उरलेले दोन तास साडेनऊ मिनिटं हाताशी राहतात, ते फॉरमॅटमुळे.

ओबीएसच्या यादीत `Fragmented MP4` आणि `Hybrid MP4` दिसतात. ते काय?

एमपी४ नाव न सोडता एमकेव्हीसारखं वागायचे हे दोन मार्ग आहेत.

फ्रॅगमेंटेड एमपी४मध्ये कोडेकची माहिती असलेलं एक छोटं `moov` सुरुवातीलाच लिहितात. मग डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्याआधी `moof` नावाची त्याची स्वतःची छोटी यादी असते. ओबीएस दर कीफ्रेमला, म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमला, नवा तुकडा सुरू करतं. मशीन बंद पडलं तर शेवटचा अपुरा तुकडा जातो आणि बाकीची फाइल वाजते.

अडचण वेगळीच आहे. दोन सेकंदांचा एक तुकडा धरला तर तीन तासांच्या बैठकीत ५४०० छोट्या याद्या होतात. एडिटरला फाइल उघडताना त्या सगळ्या गोळा कराव्या लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमधून हे चांगलंच रेंगाळतं आणि काही एडिटर अशी फाइल नीट घेतच नाहीत.

हायब्रिड एमपी४ हा त्यावरचा उपाय, आणि तो चतुर आहे. २०२४ मधल्या ओबीएस ३०.२ या आवृत्तीपासून तो मिळतो. रेकॉर्डिंग चालू असताना तो फ्रॅगमेंटेडसारखं लिहितो. Stop दाबलं की शेवटी पूर्ण यादी लिहितो आणि मधल्या सगळ्या तुकड्यांवर एकच मोठं `mdat` असल्याची पाटी लावतो, म्हणजे फाइल बाहेरून साधी एमपी४ होते. डेटा हलवावा लागत नाही, त्यामुळे हे काम लगेच उरकतं. मध्येच मशीन गेलं तर पाटी लागत नाही आणि फाइल फ्रॅगमेंटेड अवस्थेत राहते, पण वाजते.

मग नेमकं काय निवडायचं?

पुन्हा मिळणार नाही असं काही रेकॉर्ड करत असाल, म्हणजे एखाद्या वयस्कर कलावंताची बैठक किंवा आजीची मुलाखत, तर माझं मत एमकेव्हीला आहे. या पद्धतीने लिहिणारा कोड जुना आणि घासूनपुसून निघालेला आहे आणि तुटलेली एमकेव्ही वाचणारी साधनं सगळीकडे आहेत. नंतर एमपी४ करायला एक-दोन मिनिटं लागतात.

रेकॉर्डिंग संपल्या संपल्या पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल, तर हायब्रिड एमपी४ घ्या. ओबीएस ३०.२ किंवा पुढचं हवं. साधी एमपी४ लांब रेकॉर्डिंगला निवडायचं मला एकही कारण दिसत नाही. फ्रॅगमेंटेडही आता हायब्रिड असताना कशाला?

सेटिंग असं बदला: `Settings` मध्ये `Output`, तिथे `Output Mode` ला `Advanced`, मग `Recording` टॅब आणि `Recording Format`. यादीत `Matroska Video (.mkv)` किंवा `Hybrid MP4 (.mp4)` निवडा. प्रोफाइल एकाहून जास्त असतील तर प्रत्येकात बदलावं लागतं. हे विसरलं जातं आणि ‘मी तर एमकेव्ही लावलं होतं’ अशी तक्रार बहुतेक वेळा तिथून येते.

कीफ्रेम इंटरव्हलचा याच्याशी संबंध आहे?

फ्रॅगमेंटेड आणि हायब्रिडमध्ये थेट आहे, कारण तुकडा कीफ्रेमला तुटतो. हे सेटिंग ० म्हणजे ऑटो ठेवलं तर एक्स२६४ एन्कोडर दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेम्सपर्यंत जाऊ देतो. सेकंदाला ३० फ्रेम्स असतील तर हे आठ सेकंदांहून जास्त झालं. तिथे २ सेकंद लिहा. फाइल किंचित वाढेल, पण जास्तीत जास्त नुकसान दोन सेकंदांच्या आसपास येईल आणि एडिटरमध्ये उड्याही चपळ होतील.

माझ्या एडिटरला एमकेव्ही चालत नाही.

बरेच एडिटर, विशेषतः जुन्या आवृत्त्या, एमकेव्ही घेत नाहीत हे खरं आहे. त्यासाठी पुन्हा एन्कोड करू नका. नुसतं रीमक्स करा, म्हणजे आतला डेटा आहे तसा उचलून दुसऱ्या बांधणीत ठेवा. ओबीएसमध्ये `File` मेनूत `Remux Recordings` आहे, तिथे फाइल ओढून सोडली की झालं. वेळ लागतो तो डिस्कच्या वेगाचा. कमांड लाइन आवडत असेल तर:

```
ffmpeg -i baithak.mkv -map 0 -c copy baithak.mp4
```

यातलं `-map 0` गाळू नका. ते नसलं तर एफएफएमपेग एक चित्र आणि एकच आवाजाचा ट्रॅक उचलतं. तुम्ही गायकाचा माइक, तबल्याचा माइक आणि मिक्स असे तीन ट्रॅक ठेवले असतील तर दोन गुपचूप गळतात, आणि मूळ एमकेव्ही पुसून टाकल्यावर ते लक्षात येतं. रीमक्स केलेली फाइल एडिटरमध्ये घेऊन सगळे ट्रॅक मोजा, सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका, मगच मूळ काढा.

`Settings` मधल्या `Advanced` पानावर आपोआप रीमक्स करायचा पर्यायही आहे. तो सोयीचा आहे, पण मूळ एमकेव्ही तशीच राहते, म्हणून डिस्कवर दुप्पट जागा लागते. तीन तासांची बैठक सव्वाआठ जीबीची, तर साडेसोळा जीबी मोकळे हवेत.

एफएलव्ही, टीएस वगैरे?

एफएलव्ही तुटली तरी वाजते, पण तिच्यात आवाजाचा एकच ट्रॅक मावतो. टीएस ही प्रसारणासाठी बनलेली बांधणी. १८८ बाइटच्या पाकिटांत सगळं जातं आणि ती कुठूनही वाचता येते, म्हणून ती दणकट आहे. पण एमकेव्ही असताना या दोघींकडे वळायचं कारण उरत नाही.

एका मोठ्या फाइलऐवजी तुकडे केले तर?

जरूर करा, पण एमकेव्हीच्या जोडीला. ओबीएसमध्ये वरच्याच `Recording` टॅबवर `Automatic File Splitting` आहे. तीस मिनिटं लावली तर आपल्या बैठकीच्या सहा फाइल्स होतील. दोन तास दहा मिनिटांना मशीन गेलं तर पहिल्या चार फाइल्स बंद करून बाजूला पडलेल्या असतात आणि पाचवीतली दहा मिनिटं एमकेव्ही सांभाळते.

साध्या एमपी४चे तुकडे करून भागवलं तर? चार फाइल्स वाचतील आणि पाचवीतली दहा मिनिटं जातील. नेमकी त्यात भैरवी असेल तर कोणाला काय सांगणार!

तुकड्यांचा दुसरा फायदा म्हणजे डिस्क बिघडली किंवा फाइलसिस्टिमचं नुकसान झालं तरी सगळी अंडी एका टोपलीत नसतात. जोडायचे असतील तर `list.txt` मध्ये प्रत्येक फाइल एका ओळीवर लिहा:

```
file 'baithak-1.mkv'
file 'baithak-2.mkv'
```

आणि मग:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -map 0 -c copy purna.mkv
```

जोडाच्या जागा हेडफोन लावून ऐका. सगळ्या फाइल्स एकाच सेटिंगच्या असल्या तर सहसा खटका येत नाही.

माझी व्यवस्था खरंच टिकेल का, हे आधीच कसं कळेल?

मुद्दाम मारून बघा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच ओबीएस जबरदस्तीने बंद करा. चित्रात सेकंद दाखवणारं घड्याळ ठेवलं की नेमकं किती गेलं ते वाचता येतं.

इथे एक चकवा आहे. साधी एमपी४ किंवा एमकेव्ही लिहिताना विंडोजवर ओबीएस स्वतः फाइल लिहीत नाही. `obs-ffmpeg-mux.exe` नावाचा वेगळा प्रोसेस ते काम करतो. तुम्ही फक्त `obs64.exe` मारलं तर या मदतनिसाला वाटतं की डेटा संपला, आणि तो यादी लिहून फाइल व्यवस्थित बंद करून टाकू शकतो. मग साधी एमपी४सुद्धा उघडते आणि माणूस म्हणतो, उगाच घाबरवतात. खऱ्या हँगमध्ये दोघंही एकदम जातात. म्हणून चाचणीत आधी मदतनीस मारा:

```
taskkill /F /IM obs-ffmpeg-mux.exe
taskkill /F /IM obs64.exe
```

हायब्रिड एमपी४ ओबीएस स्वतःच लिहितं, त्यामुळे त्या चाचणीत पहिली ओळ ‘प्रोसेस सापडला नाही’ म्हणेल. ते बरोबर आहे.

आता फाइल उघडा. साधी एमपी४ वाजणार नाही. एमकेव्ही आणि हायब्रिड वाजतील आणि घड्याळ शेवटच्या काही सेकंदांपाशी थांबेल. तिथे मिनिटभराची तूट दिसली तर कीफ्रेम सेटिंग आणि डिस्कचा वेग या दोन गोष्टी आधी तपासा.

ही चाचणी प्रोग्रॅम कोसळण्याची आहे, वीज जाण्याची नाही. चालू लॅपटॉपची वीज मुद्दाम तोडून चाचणी घेऊ नका, त्यात भलत्याच फाइल्स बिघडतील.

आत्ता, या क्षणी लॅपटॉप हँग झालाय. काय करू?

पॉवर बटण लगेच दाबू नका. आधी `Caps Lock` दाबून दिवा लागतो-विझतो का ते बघा. तो बदलत असेल तर सिस्टिम जिवंत आहे आणि कदाचित फक्त चित्र अडकलं आहे, रेकॉर्डिंग मागे चालूही असेल. डिस्कचा दिवा असेल तर तो लुकलुकतो का तेही बघा. विंडोजवर `Win+Ctrl+Shift+B` ने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि कधी कधी पडदा परत येतो. ग्राफिक्स कार्डवर एन्कोडिंग चालू असेल तर याने रेकॉर्डिंग थांबू शकतं, म्हणून हा दुसरा उपाय, पहिला नव्हे.

काहीच हललं नाही तरी एक-दोन मिनिटं थांबा. वर सांगितलेला मेमरीत अडकलेला डेटा सिस्टिमचा गाभा जिवंत असेल तर तेवढ्यात डिस्कवर उतरतो. गाणं चालूच असेल तर दरम्यान फोन काढून निदान आवाज तरी टिपत राहा. मग पॉवर बटण दाबून धरा.

पुन्हा सुरू झाल्यावर आधी फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर करा. विंडोजने डिस्क तपासायची परवानगी मागितली तर आधी प्रत घ्या, मग परवानगी द्या.

एमकेव्ही वाचली, पण लांबी दिसत नाही आणि पुढे नेता येत नाही.

तुटलेल्या एमकेव्हीचं हे नेहमीचं लक्षण. एकूण लांबी आणि क्यूज ही दोन्ही शेवटी लिहायची राहून गेलेली असतात. वर दिलेली रीमक्सची कमांड एकदा चालवा. ती सगळी फाइल वाचत जाते, नवी यादी बनवते आणि लांबी बरोबर होते. मध्ये `File ended prematurely` असा इशारा दिसेल. तो फाइल शेवटी तुटली आहे एवढंच सांगतो, त्यावरून काम फसलं असं समजू नका. तुटलेली हायब्रिड फाइलही याच कमांडने साधी एमपी४ होते, फक्त मूळ आणि नव्या फाइलला वेगवेगळी नावं द्या.

माझी साधी एमपी४च होती. काहीच आशा नाही?

थोडी आहे. `untrunc` नावाचं मोफत साधन त्याच लॅपटॉपवर, त्याच ओबीएस प्रोफाइलने केलेली दुसरी धड फाइल नमुना म्हणून मागतं:

```
untrunc changli.mp4 baithak.mp4
```

नमुन्यातून ते कोडेकची सेटिंग घेतं, कारण ती तुटलेल्या फाइलमध्ये नाहीच. मग ढिगाऱ्यातून चालत जाऊन फ्रेम कुठे सुरू होते याचा अंदाज बांधतं. चित्राच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे चित्र बऱ्यापैकी सापडतं. एमपी४मधल्या एएसी आवाजावर अशी कोणतीही खूण नसते. त्यामुळे चित्र परत मिळतं आणि आवाज मध्येमध्ये तुटतो किंवा हळूहळू मागेपुढे सरकतो, असं होऊ शकतं. गाण्याच्या बैठकीत हे उलटं नुकसान आहे. आवाजाचे ट्रॅक तीन असतील तर अंदाज आणखी अवघड होतो.

नमुना फाइल नसेल तर सेटिंग अजिबात न बदलता आत्ता दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि नीट Stop दाबा. रिझोल्यूशन, फ्रेमरेट, एन्कोडर, आवाजाचे ट्रॅक, सगळं तेच हवं. म्हणूनच हँग झाल्यावर घाईने ओबीएस काढून पुन्हा टाकू नये.

फक्त आवाज रेकॉर्ड करतो. तिथेही हेच?

धोका कमी आहे. डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला डेटा किती आहे हा आकडा असतो आणि तो शेवटी भरला जातो. तो न भरता प्रोग्रॅम कोसळला तर काही प्लेअर फाइल रिकामी समजतात. पण आत आवाज कच्च्या स्वरूपात ओळीने पडलेला असतो. ऑडॅसिटीत रॉ डेटा म्हणून आयात करून सॅम्पल रेट, बिट आणि चॅनल बरोबर सांगितले की तो परत मिळतो, सुरुवातीला फार तर क्षणभर खरखर ऐकू येईल. साध्या डब्ल्यूएव्हीला ४ जीबीची मर्यादा आहे हे मात्र लक्षात ठेवा. थेट ऑडॅसिटीत रेकॉर्ड करत असाल तर ती प्रोजेक्टमध्ये लिहीत जाते आणि पुन्हा उघडल्यावर अर्धवट प्रोजेक्ट परत मिळवायचं विचारते. तिथे हो म्हणा.

झूमच्या वर्गाचं रेकॉर्डिंग?

लॅपटॉपवर होणाऱ्या झूम रेकॉर्डिंगमध्ये फॉरमॅट निवडता येत नाही. मीटिंग चालू असताना झूम स्वतःच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं आणि संपल्यावर तिची एमपी४ करतं. मध्येच मशीन गेलं तर त्या मीटिंगच्या फोल्डरमध्ये `double_click_to_convert_01.zoom` अशी फाइल सापडते. फोल्डरमधलं काहीही न हलवता, नाव न बदलता आधी अख्ख्या फोल्डरची प्रत घ्या, मग त्या फाइलवर डबल क्लिक करा.

पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर थेट रेकॉर्ड केलं तर चालेल?

शक्यतो नको. विंडोजची आतली डिस्क एनटीएफएस असते आणि तिच्यात फाइलसिस्टिमच्या नोंदींचं जर्नल असतं. बाजारातून आणलेल्या पेन ड्राइव्हवर बहुधा एक्सफॅट असतं, त्यात जर्नल नाही. हँग झाल्यावर डेटा लिहिलेला असूनही फाइलचा आकार जुनाच किंवा शून्य दिसू शकतो, आणि तिथे एमकेव्हीसुद्धा काही करू शकत नाही, कारण फाइल कुठवर आहे हेच सिस्टिमला माहीत नसतं. जुन्या पेन ड्राइव्हवर फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीपलीकडे जाणारच नाही. आपल्या बैठकीत ती मर्यादा दीड तासाच्या आसपासच येते. वायर हलली की डिस्क सुटते ते वेगळंच. क्लाउडला आपोआप जोडलेलं फोल्डरही टाळा. आतल्या डिस्कवर रेकॉर्ड करा, कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि मूळ लगेच पुसू नका.